जुन्या दिवाळी अंकातला फोटो: ब्लर केलं की डोळे जातात, शार्प केलं की ठिपके परत येतात

रानजाई · शुक्रवार, रात्री 9:50

माझ्या आजीचा तरुणपणीचा एकच फोटो आमच्याकडे आहे, आणि तोही छापलेला. 1968 च्या एका दिवाळी अंकात गावच्या हौशी नाटकाबद्दल पानभर लिहून आलं होतं. त्यात ती नऊवारी नेसून, नथ घालून रंगमंचाच्या पडद्याशेजारी उभी आहे. मूळ फोटो कुणाकडेच उरलेला नाही. छापलेला जेमतेम 6 सेंटिमीटर रुंद आहे. तो मी 600 डीपीआयला स्कॅन केला.

मोठा करून पाहिला की चेहरा दिसतच नाही, नुसते ठिपके दिसतात. गॉशियन ब्लर 2 पिक्सेलचा लावला तर ठिपके फिके झाले, पण भुवया धुरकटल्या. म्हणून त्यावर 150 टक्के शार्पन केलं, तर ठिपके पुन्हा हजर. ब्लर 3 केला तेव्हा ठिपके जवळजवळ गेले, पण बुबुळं पापण्यांत मिसळून गेली. तीन संध्याकाळी याच फेऱ्यात गेल्या.

भाचा म्हणाला, मावशी, फोटोचं फूरिए ट्रान्सफॉर्म करून बघ, ठिपके वेगळे काढता येतील. त्याने पायथन घालून दिलं. चालवलं, तर काळ्या चौकोनात मधोमध एक पांढरा टिंब आला, बाकी सगळं काळंच. हे कसं वाचायचं? आणि ब्लर केल्यावर कडा का जातात आणि शार्प केल्यावर ठिपकेच का परत येतात, हे मला समजून घ्यायचं आहे. नुसतं बटण कुठलं दाबायचं ते नको.

---

अभि_पिक्सेल · शुक्रवार, रात्री 10:15

ताई, सोपं आहे. त्या चौकोनात मध्यभाग म्हणजे लो फ्रिक्वेन्सी आणि बाहेर बाहेर जाल तशी हाय. लो म्हणजे चित्राचा गुळगुळीत भाग, हाय म्हणजे कडा आणि नॉइज. तुमचे ठिपके हाय मध्ये आहेत. मध्यावर एक वर्तुळ काढा, आतलं ठेवा, बाहेरचं शून्य करा आणि उलटं ट्रान्सफॉर्म घ्या. त्रिज्या 100 घेऊन बघा. आम्हाला प्रॅक्टिकलला हेच होतं.

---

कोकणकडा · शुक्रवार, रात्री 10:40

पण फोटो काळा-पांढरा आहे ना? फ्रिक्वेन्सी रंगाची असते. लाल रंगाची कमी, निळ्याची जास्त. काळ्या-पांढऱ्या फोटोत कसली फ्रिक्वेन्सी काढणार? आधी रंगीत करून घ्यावा लागेल असं मला वाटतं.

---

वरदा_स · शुक्रवार, रात्री 11:30

कोकणकडा, तुम्ही म्हणता ती प्रकाशलहरींची फ्रिक्वेन्सी, आणि ती तशीच आहे. इथली वेगळी आहे. इथे काळ नाही आणि रंगही नाही, फक्त जागा आहे. कागदावर डावीकडून उजवीकडे सरकताना उजेड-अंधार किती वेळा वरखाली होतो, एवढंच मोजायचं.

डोंगरावरून नांगरलेल्या शेताकडे बघा. सरी-वरंबा, सरी-वरंबा. उसाच्या सऱ्या लांब लांब असतात, कांद्याचे वाफे जवळ जवळ. शेताच्या रुंदीत किती सऱ्या बसल्या, ती फ्रिक्वेन्सी. आणि सऱ्या कुठल्या दिशेला पडल्या आहेत, ही दुसरी गोष्ट. चित्राला लांबी आणि रुंदी दोन्ही असल्यामुळे प्रत्येक लाटेला दोन आकडे लागतात: आडव्या दिशेत किती वेळा, उभ्या दिशेत किती वेळा. 1024 पिक्सेलच्या चौकोनी तुकड्याचं ट्रान्सफॉर्म म्हणजे अशा लाखो शेतांची यादी. प्रत्येक शेताच्या सऱ्या सरळ आणि एकसारख्या, आणि सगळी शेतं एकावर एक ठेवून बेरीज केली की आजीचा फोटो.

रानजाई, तुम्हाला फक्त मधला टिंब दिसला कारण त्या जागी सगळ्या पिक्सेलची बेरीज असते. सरासरी उजेड 140 धरला तर 1024 × 1024 पिक्सेलची बेरीज 14 कोटींच्या पुढे जाते. बाकीच्या लाटा त्याच्या हजारपट लहान, म्हणून पडद्यावर काळ्या दिसतात. लॉगरिदम घेतला की त्या वर येतात. शिवाय सरासरी वजा करा आणि कडेला विरत जाणारी खिडकी लावा. खिडकी कशासाठी ते नंतर सांगते. भाच्याला हे चालवायला सांगा:

```python
import numpy as np
from skimage import io
g = io.imread("aaji.png", as_gray=True)[:1024, :1024]
w = np.outer(np.hanning(1024), np.hanning(1024))
F = np.fft.fftshift(np.fft.fft2((g - g.mean()) * w))
S = np.log1p(np.abs(F))   # हे चित्र बघायचं
```

चेहरा मधे येईल असा तुकडा कापा. आणि अभि, वर्तुळाबद्दल तू अर्धं बरोबर सांगितलं आहेस. ताईंना आधी करून बघू दे, मग बोलू.

---

भाऊ_प्रोसेस · शनिवार, सकाळी 6:20

मी 31 वर्षं ब्लॉक बनवायच्या खात्यात होतो. संगणकातलं मला कळत नाही, पण ते ठिपके मला कळतात.

छपाईला करडा रंग नसतो, शाई एकच काळी. म्हणून प्रोसेस कॅमेऱ्यात फिल्मच्या पुढे काचेची जाळी ठेवून फोटो काढायचा. गडद जागी ठिपका मोठा येतो, उजळ जागी बारीक. त्यावरून जस्ताचा ब्लॉक. जाळीचा बारीकपणा कागदावर ठरायचा. वर्तमानपत्राच्या कागदाला 55-65 ओळी इंचाला, जरा बऱ्या कागदाला 85, आर्ट पेपरला 120-133. दिवाळी अंकाचं आतलं पान असेल तर बहुतेक 85. आणि एकरंगी कामाला जाळी कायम 45 अंशांत तिरकी बसवायची. उभ्या-आडव्या ओळी डोळ्याला लगेच खुपतात, तिरक्या खुपत नाहीत.

ठिपके हा कचरा नाही, एवढंच सांगायचं होतं. त्या ठिपक्यांच्या लहानमोठेपणातच तुमच्या आजी आहेत.

---

रानजाई · शनिवार, दुपारी 1:05

भाऊ, शेवटची ओळ वाचून थांबलेच थोडा वेळ.

दोन्ही करून पाहिलं. अभिचं वर्तुळ त्रिज्या 100 ने लावलं. ठिपके पूर्ण गेले! पण भुवयांच्या आणि पदराच्या काठाभोवती पाण्यात दगड टाकल्यावर उठतात तशा रेघा उठल्या. दोन रेघांत साधारण 10 पिक्सेलचं अंतर आहे. आधी नव्हत्या.

वरदाताईंचं चित्र मात्र बघत राहावं असं आलं. मधे धुक्यासारखा उजेड, बाहेर विरत जाणारा. त्यातून एक आडवी उजळ पट्टी मध्यातून दोन्ही बाजूंना गेली आहे. आणि बाहेरच्या अंधारात टपोऱ्या चांदण्या, अगदी शिस्तीत मांडलेल्या. मध्यापासून मोजल्या: (99, 106), (106, −99), आणि त्यांच्या बरोबर समोर (−99, −106), (−106, 99). त्यापलीकडे (205, 7) आणि (−7, 205) पाशी अजून, जरा फिक्या. शिवाय (128, 0), (256, 0), (0, 128) इथे बारीक टिंबं आहेत.

---

वरदा_स · शनिवार, दुपारी 4:40

ताई, तुम्ही मोजलेत ते आकडे आणि भाऊंचं सकाळचं बोलणं जुळवून बघा. (99, 106) चं मध्यापासूनचं अंतर 145. म्हणजे 1024 पिक्सेलमध्ये 145 लाटा, एक लाट 7.06 पिक्सेलची. स्कॅन 600 डीपीआयचा, तेव्हा इंचाला 600 ÷ 7.06 = 85 ओळी. भाऊंनी पान न बघता सांगितलं तेच. कोन 47 अंशांच्या जवळ येतो, म्हणजे जाळी 45 अंशांत आहे आणि पान स्कॅनरवर सुमारे 2 अंश तिरकं ठेवलं गेलं. (205, 7) हे पहिल्या दोन चांदण्यांची बेरीज आहे. ती त्याच जाळीची पुढची पिढी.

आता तुमच्या फेऱ्याचं कारण. गॉशियन ब्लर फक्त मध्यापासूनचं अंतर बघतो. 2 पिक्सेलचा ब्लर 145 अंतरावरच्या लाटेचा 20 टक्के भाग शिल्लक ठेवतो. 150 टक्के शार्पन म्हणजे बाहेरच्या लाटा अडीचपट. 20 चे झाले 50. अर्धे ठिपके परत आले. 3 पिक्सेलचा ब्लर 145 वर 3 टक्केच ठेवतो, पण त्याच हिशोबाने 64 अंतरावरची, म्हणजे 16 पिक्सेलची लाटही निम्मी करून टाकतो, आणि बुबुळ आणि पापणी वेगळी दिसतात ती त्याच मापाच्या लाटांमुळे. ब्लरला ठिपका आणि पापणी यांतला फरक ठाऊक नाही. त्याला फक्त अंतर कळतं.

पाण्यासारख्या रेघा अभिच्या वर्तुळामुळे. 100 पर्यंत सगळं ठेवायचं आणि 101 पासून काहीच नाही, असं कापलं की प्रत्येक कडेशी शेवटची ठेवलेली लाट एकटी उघडी पडते. 1024 ÷ 100 म्हणजे 10 पिक्सेल, तुमच्या रेघांमधलं अंतर. कडेच्या अगदी लगतचा उसळा मूळ फरकाच्या सुमारे 9 टक्के असतो आणि वर्तुळ मोठं केलं तरी तो कमी होत नाही, फक्त कडेला जास्त चिकटतो. म्हणून कापायचं ते उतरतं कापायचं.

---

अभि_पिक्सेल · शनिवार, सायंकाळी 6:10

वरदाताई, उसळ्याचं पटलं, उतरतं कापायला हवं होतं. पण कडा म्हणजे हाय फ्रिक्वेन्सी, यात चूक काय? लो काढून टाकल्या की फक्त कडाच उरतात की. मी करून पाहिलंय.

---

वरदा_स · शनिवार, रात्री 8:25

अभि, प्रयोग तुझा बरोबर, निष्कर्ष थोडा घाईचा. ताईंच्या फोटोतला पडदा घेऊ. त्याच्या उभ्या चुण्या आहेत, आणि स्पेक्ट्रममधली आडवी पट्टी त्याच चुण्यांची. सऱ्या उत्तर-दक्षिण पडल्या तर मोजायला पूर्व-पश्चिम चालावं लागतं, म्हणून उभी कड आडव्या पट्टीत उमटते.

ती पट्टी नीट बघ. ती बाहेर कुठेतरी सुरू होत नाही. मध्यापासूनच सुरू होते आणि बाहेर विरत जाते. एका स्वच्छ कडेत सगळ्याच फ्रिक्वेन्सी असतात, लो सुद्धा, आणि ताकद साधारण अंतराच्या व्यस्त प्रमाणात उतरते: दुप्पट अंतरावर निम्मी. कड कुठे आहे हे लो लाटाच सांगतात. हाय लाटा ती किती उभी चढते हे ठरवतात. त्यासाठी त्या सगळ्या लाटा कडेच्या जागी एकदम, एका पावलात वर चढाव्या लागतात. वारकऱ्यांच्या दिंडीत सगळ्यांचं पाऊल एकाच ठेक्याला पडतं तसं. हा ठेका आपण बघतो त्या चित्रात दिसत नाही. आपण फक्त लाटांची उंची बघतो, फेज नाही. उंची तशीच ठेवून फेज विस्कटली तर स्पेक्ट्रम हुबेहूब तोच दिसेल आणि आजी मात्र नाहीशी होतील.

उलट ठिपके बघ. हाय फ्रिक्वेन्सीला प्रचंड ताकद, पण त्या चार जागांपुरतीच. त्यांची पट्टी नाही, चांदण्या आहेत. आपल्याला वाचवणारी गोष्ट हीच. कडा पसरट आहेत, ठिपके एकवटलेले आहेत. त्यामुळे अंतर बघून कापण्याऐवजी जागा बघून कापता येतं:

```python
F = np.fft.fftshift(np.fft.fft2(g))   # इथे खिडकी नको
y, x = np.mgrid[-512:512, -512:512]
H = np.ones((1024, 1024))
for u, v in peaks:
    H *= 1 - np.exp(-((x-u)**2 + (y-v)**2) / (2 * 10**2))
out = np.real(np.fft.ifft2(np.fft.ifftshift(F * H)))
```

`peaks` मध्ये चांदण्यांच्या जागा भरा. 10 हा आकडा भोकाचा विस्तार. कमी-जास्त करून बघा.

खिडकीचं राहिलं होतं. ट्रान्सफॉर्म असं धरून चालतं की चित्राची उजवी कड डाव्या कडेला चिकटलेली आहे. एका बाजूला पडदा आणि दुसऱ्या बाजूला अंधार असेल तर तिथे खोटी कड तयार होते आणि मध्यातून मोठा अधिकाचा क्रॉस उमटतो. खिडकी लावली की तो जातो. पण खिडकी बघण्यापुरतीच, दुरुस्तीत लावली तर चित्राच्या कडा काळ्या होतील.

---

सुहास_आखाती · रविवार, सकाळी 8:00

धागा वाचून माझं एक विचारतो. वडिलांच्या किराणा दुकानाच्या पाटीचा फोटो आहे, मी दहा वर्षांचा असताना काढलेला, हात हललेला. दुकान आता नाही. पाटीवरची अक्षरं आडवी फराटलेली आहेत. वरचा कोड चालवला तर चांदण्या नाहीत, पण उभ्या काळ्या पट्ट्या दिसतात, मध्यापासून 41, 82, 123 अशा अंतरावर. यातून अक्षरं येतील का?

---

वरदा_स · रविवार, सकाळी 9:30

सुहास, तुमचा प्रश्न ताईंच्या अगदी उलटा. त्यांच्याकडे नको ते जास्त आहे, तुमच्याकडे हवं ते गेलं आहे.

उभ्या काळ्या पट्ट्या म्हणजे हात आडवा हलला. 1024 ÷ 41 = 25, म्हणजे फोटो निघताना पाटी 25 पिक्सेल सरकली. 25 पिक्सेलची लाट 25 पिक्सेलभर फराटली की तिचा उजेड आणि अंधार एकमेकांत पूर्ण मिसळतात आणि शून्य होते. तीच पहिली काळी पट्टी. पट्ट्यांच्या मधल्या लाटा दुबळ्या झाल्यात पण जिवंत आहेत, त्या वाढवता येतात. नेमक्या काळ्या पट्टीत मात्र जे होतं ते मिटलेलं आहे. तिथे भागाकार केला तर फक्त कॅमेऱ्याचा खरखराट शंभरपट होऊन वर येतो. म्हणून आंधळा भागाकार न करता, खरखराटाच्या मानाने आवर घालणारं वीनर फिल्टर वापरा. `skimage.restoration.wiener` ला 25 पिक्सेलची आडवी रेघ द्या आणि `balance` हळूहळू कमी करत या. अक्षरं वाचता यावीत. त्यांच्याभोवती फिकट सावल्या राहतील.

---

रानजाई · रविवार, दुपारी 3:15

पहिली खेप फसली. मी `peaks` मध्ये (99, 106) आणि (106, −99) हेच दिले. ठिपके गेले नाहीत, फिके झाले. भोक मोठं करून पाहिलं, तरी तेवढेच.

---

वरदा_स · रविवार, दुपारी 3:40

समोरच्या जोड्या राहिल्या. प्रत्येक लाटेच्या दोन चांदण्या असतात, मध्याच्या आरपार समोरासमोर, आणि दोघींत निम्मी निम्मी ताकद. एक काढली की ठिपके बरोबर निम्मे उरतात. (−99, −106) आणि (−106, 99) घाला, (205, 7), (−7, 205) आणि त्यांच्या समोरच्याही घाला.

---

रानजाई · रविवार, सायंकाळी 5:50

गेले. 10 च्या भोकाने बहुतेक सगळे गेले. गालावर, कपाळावर सपाट उजेड आहे आणि डोळे धुरकटलेले नाहीत. उजव्या डोळ्यात प्रकाशाचा एक टिंब आहे तो मी आज पहिल्यांदा पाहिला. आईला दाखवला तर म्हणाली, अशीच बघायची गं ती.

दोन गोष्टी राहिल्या. पडद्याच्या कडेशी आणि नऊवारीच्या काठावर ठिपक्यांची पुसट सावली अजून आहे. आणि नथीचे मोती वेगळे दिसत नाहीत, एकच पांढरा ठसा दिसतो. भोक 5 चं केलं तर सावली वाढते, 20 चं केलं तर काठ मऊ होतो.

---

वरदा_स · रविवार, रात्री 9:10

सावलीचं कारण भाऊंनीच सांगून ठेवलं आहे. ठिपक्यांच्या लहानमोठेपणात चित्र आहे. म्हणून प्रत्येक चांदणी नुसता बिंदू नसते, तिच्याभोवती चित्राचीच एक लहान प्रत पसरलेली असते. गाल सपाट, म्हणून गालावरचे ठिपके बिंदूत मावतात. काठावर उजेड झपाट्याने बदलतो, तिथली ठिपक्यांची ताकद चांदणीपासून लांब सांडते आणि भोकाबाहेर राहते. भोक मोठं केलं की ती सावली जाते, पण त्या जागेत असलेलं काठाचं खरं बारीक कामही जातं. दोन्ही एकाच जागेत बसली आहेत, त्यांना वेगळं करणारा आकडा नाही. चेहऱ्यासाठी 10 आणि काठासाठी 16 असे दोन निकाल काढून मास्कने जोडा, मी तसंच करते.

मोत्यांचं मात्र सांगायला जड वाटतं. 85 ओळी म्हणजे दोन ठिपक्यांत 0.3 मिलिमीटर. नथ कागदावर किती मोठी आहे?

---

रानजाई · रविवार, रात्री 9:25

पट्टी लावून बघितलं. जेमतेम 4 मिलिमीटर. एक मोती अर्धा मिलिमीटर असेल.

---

वरदा_स · रविवार, रात्री 9:45

म्हणजे एका मोत्याला दीड-दोन ठिपके. एक उजळ मोती आणि शेजारची काळी फट, एवढं दाखवायला निदान दोन ठिपके लागतात, आणि तेही नेमके जागेवर पडायला हवेत. 85 च्या जाळीत इंचाला साधारण 42 लाटांच्या पुढचं भरवशाने पकडता येत नाही. तुमच्या स्पेक्ट्रममध्ये ते अंतर 72 येतं. त्यापुढे जे दिसतं त्यात मोठा भाग प्रतींचाच. मोती कॅमेऱ्यासमोर होते, मूळ फोटोत असतील, पण कागदावर उतरलेच नाहीत. मग खरं तर 72 च्या पुढच्या लाटा हळूहळू काढून टाकणारा उतरता लो-पास लावला तरी फारसं गमावणार नाही, असं माझं मत.

---

भाऊ_प्रोसेस · सोमवार, सकाळी 6:05

वरदाताई, यात मी थोडं वेगळं सांगेन. काचेच्या जाळीतून ठिपका गोलच पडतो असं नाही. एखाद्या घरातून काळी-पांढरी कड गेली तर ठिपका अर्धा कापलेला पडतो, कडेच्या आकाराचा. आम्ही भिंगाखाली बघायचो तेव्हा मिशीचा केस तीन ठिपक्यांतून ओढलेला दिसायचा, घर 0.3 चं असलं तरी. म्हणजे ठळक कड जाळीपेक्षा बारीक उतरते. गालावरचा फिका फरक उतरत नाही. तुमचं 72 गालाला लागू, पदराच्या काठाला नाही.

---

वरदा_स · सोमवार, सकाळी 8:50

भाऊ, हे मी धरलं नव्हतं. माझा हिशोब ठिपका अख्खा आणि मधे बसलेला धरून होता. कापलेल्या ठिपक्याने 72 च्या पुढचं किती खरं येतं ते या पानावर कसं मोजायचं हे मला आत्ता सुचत नाही. मग भोकं पाडण्याचा मार्गच बरा, लो-पास नको. ताई, मोत्यांचे ठिपके भिंगाखाली गोल आहेत की कापलेले, ते एकदा बघाल का?

आणि एक राहिलं. (128, 0), (256, 0) वरची बारीक टिंबं. तुमचं पान 2 अंश तिरकं आहे, जाळीच्या चांदण्याही तेवढ्याच तिरक्या. ही मात्र तंतोतंत अक्षावर आहेत. म्हणजे ती कागदातून आलेली नाहीत, पिक्सेलच्या चौकटीतून आली आहेत. 1024 ÷ 128 = 8. जेपेग चित्राचे 8 × 8 चे तुकडे करून दाबतं, त्या तुकड्यांच्या सांध्यांची ही खूण. फाइल पीएनजी दिसत असली तरी वाटेत एकदा जेपेग झालेली आहे.

---

रानजाई · सोमवार, रात्री 10:20

बरोबर! स्कॅनरच्या मोबाइल ॲपमधून घेतली आणि मग पीएनजी केली. आता थेट संगणकाला जोडून टिफमध्ये घेईन.

भाच्याचं भिंग आणून मोती बघितले. दोन ठिपके गोल आहेत, तिसरा मला एका बाजूने चपटा वाटतो. कापलेला की शाई पसरलेली, सांगता येत नाही.

---

भाऊ_प्रोसेस · मंगळवार, सकाळी 6:15

शाई पसरली असेल तर ठिपक्याच्या कडेला गडद रिंगण दिसतं आणि आत फिकं. लेटरप्रेसचा दाब शाईला कडेला ढकलतो. रिंगण सगळीकडून सारखं असेल तर दाबाने पसरलेला, चपट्या बाजूला रिंगण सरळ रेघेत असेल तर कापलेला.

नवा स्कॅन घेताना पानाच्या मागे काळा कागद ठेवा. पातळ कागदातून मागचा मजकूर झिरपून पुढे दिसतो आणि काच त्यालाही टिपते. आणि पान बांधणीजवळ उचललं जात असेल तर वर काचेचं वजन ठेवा, नाहीतर तिथले ठिपके दाटल्यासारखे दिसतील.

---

वरदा_स · मंगळवार, सकाळी 9:00

काचेच्या वजनाचं भाऊंनी सांगितलं ते स्पेक्ट्रममध्येही कळेल. पान वाकलेलं असेल तर चांदणी टपोरी न दिसता लांबट, ओघळल्यासारखी दिसते. मग एवढ्याशा भोकात ती मावत नाही.

---

सुहास_आखाती · मंगळवार, रात्री 11:40

अक्षरं आली. "किराणा व भुसार" एवढं स्वच्छ वाचता येतं, सावल्या आहेत. खालच्या ओळीत वडिलांचं नाव होतं, ते अजून अर्धंच लागतंय. `balance` आणखी कमी केला की खरखराट वर येतो. पाटी थोडी तिरकी सरकली असेल का, म्हणून रेघ 2-3 अंश वळवून बघतोय.

---

रानजाई · बुधवार, रात्री 9:30

काळ्या कागदाने आणि टिफने नवा स्कॅन झाला. 128 ची टिंबं नाहीत. मागच्या पानावर एक कविता आहे, पहिल्या स्कॅनमध्ये तिच्या ओळी आजीच्या खांद्यावर पुसट दिसत होत्या, त्याही गेल्या. चांदण्या आता (102, 103) आणि (103, −102) ला आहेत, म्हणजे पान सरळ बसलं.

चपट्या ठिपक्याचं रिंगण एका बाजूला सरळ आहे, भाऊ. आईनेही भिंगातून बघितलं.